चौकशीच्या नोटिशीवर सही करण्याआधी

कारखान्यांच्या एचआर विभागात बसून अंतर्गत चौकशीच्या नोटिशी काढणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण एकमेकांना टेबलाच्या दोन बाजूंनी ओळखतो. मी नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यात युनियनचा पदाधिकारी म्हणून बरीच वर्षं कामगारांच्या बाजूनं चौकशीत बसलो. तुमच्या भाषेत ‘बचाव प्रतिनिधी’, कामगारांच्या भाषेत ‘आपला माणूस’, आणि काही साहेबांच्या भाषेत आणखी काही, ते इथं लिहीत नाही. चौकशीत काय झालं यावर पुष्कळ बोललं जातं. पण ज्या एका कागदानं चौकशी सुरू होते, त्या नोटिशीकडे कोणी फारसं बघत नाही. जुनी फाइल उघडायची, नाव आणि तारीख बदलायची, प्रिंट काढायची, सही करायची. अशाच एका नोटिशीबद्दल हे पत्र आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, प्रकरण मिटलेलं आहे.

प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर. तिसरी पाळी. रात्री सव्वाच्या सुमारास पर्यवेक्षकानं त्याला ३ नंबरची प्रेस चालू करायला सांगितलं. त्यानं नकार दिला. दोघांत शब्दाला शब्द वाढला. सकाळी गेटवरच त्याला निलंबनाचा कागद मिळाला आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी घरी शिपाई आला. हातात एकच पान होतं. त्यात असं होतं:

‘आपण वेळोवेळी वरिष्ठांशी उद्धट वर्तन करता, शिस्तीचा भंग करता व कंपनीच्या उत्पादनाचे नुकसान करता. आपण केलेल्या या गंभीर गैरवर्तनाबद्दल आपला खुलासा असमाधानकारक आढळल्याने आपली अंतर्गत चौकशी शनिवारी सकाळी ११ वाजता घेण्यात येईल. आपणास सोबत आपल्या पाळीतील एक सहकारी, व्यवस्थापनाच्या पूर्वपरवानगीने, आणता येईल. कागदपत्रे चौकशीच्या वेळी दाखवण्यात येतील. हजर न राहिल्यास चौकशी एकतर्फी पूर्ण करून आपणास दोषी धरण्यात येईल.’

मी तो कागद दोनदा वाचला आणि त्याला विचारलं, ‘खुलासा कधी दिलास?’ तो म्हणाला, ‘कसला खुलासा? मागितलाच नाही कोणी.’

इथूनच सुरुवात करतो. न मागितलेला खुलासा असमाधानकारक कसा ठरला? उत्तर सोपं आहे: आधीच्या कुणाच्या तरी नोटिशीतलं वाक्य पुसायचं राहिलं. तुमच्या दृष्टीनं ही टायपिंगची चूक. कामगार न्यायालयात उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीनं मात्र व्यवस्थापनानं आधीच मन बनवलं होतं, याचा हा तुमच्याच सहीचा पुरावा. त्याच जातीचं दुसरं वाक्य म्हणजे ‘आपण केलेल्या गैरवर्तनाबद्दल’. अहो, केलं की नाही हेच तर बघायचं आहे ना? ‘आपल्यावर ठेवलेल्या आरोपांबद्दल’ असं लिहायला शाई जास्त लागत नाही. आणि ‘हजर न राहिल्यास दोषी धरण्यात येईल’ हे तर सरळ चूक आहे. कामगार आला नाही तर चौकशी एकतर्फी चालवता येते, पण तरीही तुमचे साक्षीदार बोलवावे लागतात, त्यांचे जबाब नोंदवावे लागतात, कागद सिद्ध करावे लागतात. रिकामी खुर्ची म्हणजे कबुली नव्हे.

आता आरोपाकडे येऊ. ‘वेळोवेळी उद्धट वर्तन’. कोणत्या वेळी? कोणाशी? कोणते शब्द? सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली सुर एनॅमल कंपनीच्या खटल्यात चौकशी न्याय्य केव्हा म्हणायची याचे निकष सांगितले, त्यातला पहिलाच हा आहे: कामगाराला आरोप स्पष्ट कळला पाहिजे. त्याच्यासमोर साक्षी, उलटतपासणीची संधी, स्वतःचा बचाव, कारणांसह अहवाल हे सगळं त्याच्यानंतर येतं. पहिली पायरीच कच्ची असली तर वरचा जिना कितीही रंगवा.

तुम्ही आरोप मोघम का लिहिता, हे मला ठाऊक आहे. एका एचआरवाल्या साहेबांनीच चहा पिताना सांगितलं होतं: ‘मोघम लिहिलं की सगळं त्यात बसतं. पुढे काही सापडलं तर ते पण घालता येतं.’ व्यवहारात होतं उलटं. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या स्थायी आदेशांत, गैरवर्तनाची यादी असते. त्यात पहिलं येतं ते आदेश न मानणं. पण ते कलम नीट वाचा. नुसता ‘आदेश न मानणे’ एवढंच तिथं नाही. वरिष्ठाचा कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून न मानणं, असं आहे. म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टी किमान चार झाल्या: आदेश दिला होता, तो कायदेशीर आणि वाजवी होता, तो कामगाराला समजला होता, आणि त्यानं मुद्दाम मोडला. तुमच्या आरोपपत्रात आदेश कोणता हेच नसेल, तर तो वाजवी होता की नव्हता हे चौकशी अधिकारी कशावरून ठरवणार?

आमच्या प्रकरणात सगळी गाठ तिथंच होती. त्या प्रेसचा लाइट कर्टन बंद होता. ज्यांना प्रेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: डायच्या पुढे प्रकाशकिरणांचा एक अदृश्य पडदा असतो. हात आत गेला की किरण तुटतो आणि मशीन थांबतं. तो पडदा बायपास केला की प्रेस चालते, पण मग हात आत असला काय आणि बाहेर असला काय, तिला फरक पडत नाही. ऑपरेटर म्हणत होता, ‘कर्टन दुरुस्त करा, लगेच चालवतो.’ पर्यवेक्षक म्हणत होता, ‘माल सकाळी जायचाय, दोन्ही हातांनी बटणं दाब, काही होत नाही.’ आता सांगा, हा आदेश वाजवी होता का? मी माझं उत्तर इथं देत नाही. पण चौकशीत ठरायला हवं होतं ते हेच, आणि नोटिशीत प्रेसचं नावसुद्धा नव्हतं.

याची दुसरी बाजूही लिहितो, कारण ती लपवली तर हे पत्र खोटं ठरेल. त्या रात्री त्या पोरानं पर्यवेक्षकाला आईवरून शिवी दिली होती. दोन माणसांनी ऐकली होती. त्यानं माझ्यापाशी कबूलही केलं. हा आरोप खरा होता, सिद्ध होण्यासारखा होता आणि प्रेस चालवण्याच्या नकारापेक्षा तुमच्यासाठी कितीतरी सोपा होता. पण ‘वेळोवेळी उद्धट वर्तन’ या गाठोड्यात तो असा गुंडाळला गेला की कधी बाहेरच आला नाही. वेगळा आरोप म्हणून लिहिला असता तर मी त्याला ‘माफी माग’ म्हणून सांगितलं असतं, आणि प्रकरण ताकीद किंवा चार दिवसांच्या निलंबनावर संपलं असतं. मोघम आरोपानं तुमचाच खरा आरोप गिळला.

लिहायचा कसा? असा लिहा: ‘आरोप १. दिनांक अमुक रोजी तिसऱ्या पाळीत, रात्री सुमारे १.१५ वाजता, प्रेस शॉपमधील ३ नंबरच्या प्रेसजवळ, पाळी पर्यवेक्षकांनी आपणास सदर प्रेसवर अमुक भागाचे उत्पादन सुरू करण्यास दोन वेळा सांगितले असता आपण नकार दिला. आरोप २. त्याच वेळी व त्याच ठिकाणी आपण पर्यवेक्षकांना उद्देशून पुढील शब्द वापरले.’ आणि मग शब्द लिहा. हो, शिवी जशीच्या तशी. ‘अर्वाच्य भाषा’ म्हटल्यानं काही कळत नाही. लाज वाटत असेल तर ती देणाऱ्याला वाटू द्या. प्रत्येक आरोपाखाली स्टँडिंग ऑर्डरचं लागू कलम. मागच्या ताकिदी शिक्षा ठरवताना विचारात घ्यायच्या असतील तर तेही लिहा, तारखांसह. नाहीतर अहवालाच्या शेवटी एकदम ‘पूर्वेतिहास वाईट’ असं वाक्य उगवतं आणि कामगाराला त्यावर बोलायची संधीच मिळालेली नसते.

तारखेचं फार लांबवत नाही. गुरुवारी संध्याकाळी नोटीस आणि शनिवारी सकाळी चौकशी, म्हणजे मधला एकच दिवस. त्यात माणसानं कागद कुठून मागायचे, सोबतीला कोणाला विचारायचं, काय आठवायचं? माझ्या अनुभवात नोटीस हातात पडल्यापासून पहिल्या तारखेपर्यंत सात दिवस पुरतात. निलंबित होऊन माणूस गावी गेला असेल तर पंधरा धरा. ज्याची रात्रपाळी सकाळी सुटते त्याला त्याच सकाळी अकराला बसवू नका. झोपेनं तारवटलेल्या डोळ्यांनी कसली उलटतपासणी होणार? आणि निलंबित असेल तर नोटीस काढण्याआधी निर्वाह भत्ता गेला की नाही, ते अकाउंट्सला विचारा. भारत गोल्ड माइन्सच्या प्रकरणात निलंबित कर्मचारी केरळात होता, चौकशी कर्नाटकातल्या कोलारला होती आणि भत्ता दिलेलाच नव्हता. तो पोचू शकला नाही, चौकशी एकतर्फी झाली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती चौकशी टिकू दिली नाही. भत्ता म्हणजे उपकार नव्हेत, हजर राहायचं बसभाडंसुद्धा त्यातूनच येतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, निलंबनानंतर चौकशी साधारणपणे ९० दिवसांत पूर्ण करावी असं आहे. म्हणजे घाई तुम्हालाही आहे, मला समजतं. पण पहिल्या आठवड्यात वाचवलेले पाच दिवस पुढे पाच वर्षं खातात.

आता सोबतीचा माणूस. इथं सर्वांत जास्त चुका होतात आणि सर्वांत जास्त राग येतो.

महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत कामगाराला तीन वाटा दिल्या होत्या: स्वतः बचाव करा, आपल्याच खात्यातल्या सहकामगाराला घ्या, किंवा आपण सभासद असलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्याला घ्या. तुमच्या कारखान्याला कोणते स्थायी आदेश लागू आहेत ते आधी काढून वाचा. प्रमाणित आदेश वेगळे असू शकतात, आणि हा हक्क त्या आदेशांवर आणि कायद्यावर उभा असतो. वाटेल त्याला सोबत आणण्याचा हक्क कामगाराला नाही, हे मीही माझ्या लोकांना सांगतो. वकील तर सहसा नाहीच. पण तिथंही एक मेख आहे. तुम्ही स्वतःच्या बाजूनं कायदा शिकलेला, मुरलेला माणूस बसवलात आणि समोरच्याला वकील नाकारलात, तर ते चालत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे सांगून ठेवलं आहे. तुमचा ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ एलएलबी असेल तर नोटीस काढताना हे ध्यानात असू द्या.

पण ‘आपल्या पाळीतील सहकारी, व्यवस्थापनाच्या पूर्वपरवानगीने’ ही अट तुम्ही कुठून आणलीत? त्या पाळीत आठ माणसं, आठही त्याच पर्यवेक्षकाच्या हाताखाली. त्यांच्यातला कोण पर्यवेक्षकाची उलटतपासणी घ्यायला बसेल? आणि वर परवानगी तुमची! म्हणजे कुस्ती लावायची आणि समोरचा पैलवानही आपणच निवडायचा. त्या शनिवारी मी युनियनचं पत्र घेऊन गेटवर गेलो. सिक्युरिटीनं रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं, वर फोन केला आणि सांगितलं, ‘साहेब नाही म्हणतात.’ आत त्या पोरानं तारीख मागितली, ती नाकारली. त्याच दिवशी पर्यवेक्षक आणि आणखी एका साक्षीदाराची साक्ष संपवली. उलटतपासणीच्या रकान्यात चौकशी अधिकाऱ्यानं लिहिलं, ‘प्रश्न विचारायचे नाहीत असे सांगितले.’ तो म्हणाला होता, ‘माझा माणूस आल्याशिवाय विचारणार नाही.’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गेटवरचं रजिस्टर मात्र खोटं बोललं नाही. माझी वेळ त्यात होती, १०.५०.

दुसऱ्या तारखेपासून मला बसू दिलं, आणि तेव्हा कळलं की सोबतीचा माणूस का लागतो. तुम्हाला वाटतं, तो भाषण करायला येतो. खरं म्हणजे कोणता कागद कुठं आहे हे त्याला माहीत असतं. तुमच्या बाजूनं उत्पादनाचं लॉगबुक दाखवलं. त्यात ३ नंबरच्या प्रेससमोर लिहिलं होतं, ‘ऑपरेटरने नकार दिला, ४ तास बंद.’ प्रेस शॉपमधल्या एका जुन्या कामगारानं मला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं: ‘लॉगबुक सोडा, मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर मागा. इलेक्ट्रिशियन वेगळं लिहितो.’ आम्ही लेखी मागितलं. दोन तारखा गेल्या, ‘रजिस्टर सापडत नाही.’ तिसऱ्या वेळी आलं. त्या रात्री ११.४० ची नोंद, निळ्या बॉलपेननं, तिरक्या अक्षरात: ‘प्रेस ३ लाइट कर्टन फॉल्ट, बायपास करून दिली, स्पेअर नाही.’ म्हणजे नकाराच्या दीड तास आधीची. पर्यवेक्षकाची साक्ष तोवर संपलेली होती. त्याला ही नोंद दाखवून प्रश्न विचारायला परत बोलवा म्हटलं, तर चौकशी अधिकाऱ्यानं ‘गरज वाटत नाही’ असं लिहून अर्ज निकाली काढला.

म्हणून ‘कागदपत्रे चौकशीच्या वेळी दाखवण्यात येतील’ हे वाक्य तुमच्या नमुन्यातून कायमचं काढा. दाखवणं वेगळं आणि देणं वेगळं. नोटिशीसोबत दोन याद्या जोडा: कोणते कागद वापरणार आणि कोणते साक्षीदार आणणार. ज्यांच्यावर आरोप उभा आहे त्या कागदांच्या प्रती आणि प्राथमिक चौकशीत साक्षीदारांचे जे जबाब घेतले असतील त्यांच्या प्रती सोबत द्या. पर्यवेक्षकानं त्या रात्री काय लिहून दिलं आणि चौकशीत काय सांगितलं, यातला फरक उलटतपासणीतच पकडता येतो, आणि साक्ष संपल्यावर मिळालेला जबाब रद्दीच्या भावाचा. तुम्ही वापरणार नसलेला पण कामगारानं मागितलेला कागद असेल, तर तो बघायला द्या किंवा का देत नाही ते एका ओळीत लिहा. सीसीटीव्हीचं चित्रण असेल तर नोटिशीची वाट बघू नका, त्याच दिवशी उतरवून ठेवा. रेकॉर्डर जागा भरली की जुनं पुसून नवं घेतो, आणि मग ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर तुमच्याच अंगावर येतं.

आमचे लोकही काही संत नाहीत. चाळीस कागदांची यादी द्यायची, त्यातले तीस नुसते वेळ काढायला. प्रत्येक तारखेला सोबत्याला ताप. प्रती दिल्या तरी ‘मिळाल्या नाहीत’ म्हणायचं. न्यायालयंही हे ओळखून आहेत. कागद दिला नाही एवढ्यानं चौकशी कोसळत नाही. न दिल्यामुळे बचावाचं नेमकं काय नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. म्हणून प्रती देताना तारखेसह पोच घ्या, नोटीस नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून ठेवा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानंही पाठवा. मग खोटं बोलणाऱ्याला जागा उरत नाही.

आणि भाषा. त्या स्थायी आदेशांत कामकाज मराठीत, हिंदीत की इंग्रजीत चालवायचं, ही निवड कामगाराची होती. दहावीपर्यंत शिकलेल्या ऑपरेटरला ‘सबव्हर्सिव्ह ऑफ डिसिप्लिन’ असं इंग्रजीत पाठवून खाली ‘मजकूर समजला’ म्हणून सही घेऊ नका. कोणती भाषा हवी, हे नोटिशीतच विचारा. नोटिशीत चौकशी अधिकाऱ्याचं नावही लिहा, आणि तो त्या रात्रीचा तक्रारदार किंवा साक्षीदार नाही याची खात्री करून मगच लिहा.

त्या प्रकरणाचं पुढे काय झालं? अहवालात नोटिशीतले सगळे मोघम आरोप ‘सिद्ध’ ठरले, पोरगा बडतर्फ झाला. आम्ही कामगार न्यायालयात गेलो. तिथं पहिला मुद्दा असतो, चौकशी न्याय्य होती का? गेटचं रजिस्टर, न मागितलेला खुलासा, साक्षीनंतर आलेलं ब्रेकडाउन रजिस्टर. चौकशी सदोष ठरली. कायदा तुम्हाला तिथंही संधी देतो. तुम्ही तशी मागणी केलेली असेल तर आरोप न्यायालयासमोर नव्यानं सिद्ध करता येतो. पण तोवर साडेचार वर्षं गेली होती. पर्यवेक्षक नोकरी सोडून गुजरातेत गेला होता, दुसरा साक्षीदार म्हणाला, ‘मला आता आठवत नाही.’ शेवटी कंपनीनं तडजोड केली, काही पगार दिला, त्याला परत घेतलं. कामावर पहिल्या दिवशी त्यानं त्या खात्याच्या नव्या पर्यवेक्षकाला हात जोडले. आईवरच्या शिवीबद्दल माफी मागायची होती, पण ती ज्याची मागायची तो माणूस तिथं नव्हता.

३ नंबरच्या प्रेसला नवा लाइट कर्टन बसला होता, एवढं मात्र त्यानं मला फोन करून सांगितलं.

आपला,
एक बचाव प्रतिनिधी,
अंबड, नाशिक